शाखा बुडाली असं धरून बसा: एका कृषी सेवा केंद्राचं प्री-मॉर्टेम

तासगाव-मिरज पट्ट्यात एखादं कृषी सेवा केंद्र नीट चालायला लागलं की मालकाच्या डोक्यात दुसऱ्या गावी शाखा काढायचा विचार येतोच. कुठल्याशा गावात एखादा गाळा नजरेत भरतो, कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो, "माल मी पुरवतो," आणि घरात, दुकानात चर्चा सुरू होते. या चर्चेत प्रश्न एकच असतो: "चालेल ना?" तो मालकानं विचारलेला असतो, त्यामुळं उत्तरही ठरलेलं असतं: "चालणार की, का नाही चालायचं!" मालकाची इच्छा सगळ्यांना दिसत असते. तिला नाट लावायचा वाईटपणा नोकर घेत नाही, मेहुणा घेत नाही, आणि कंपनीच्या प्रतिनिधीला तर माल खपवायचा असतो.

प्री-मॉर्टेममध्ये हाच प्रश्न उलटा करून विचारतात. सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि सांगायचं: "आज पुढच्या वर्षीचा मे महिना आहे. शाखा बंद झाली. गाळ्याची किल्ली जागामालकाला परत दिली. हे कसं झालं, त्याची गोष्ट लिहा." शाखा बुडेल का, हा विषयच नाही. ती बुडाली आहे असं धरायचं आणि फक्त कारण सांगायचं.

गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 2007 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त या पद्धतीवर लिहिलं आणि तिथून ती सर्वत्र पोचली. तिच्यामागं 1989 मधला एक अभ्यास आहे. एखादी गोष्ट 'घडू शकते' असं सांगितलं तर लोक मोघम बोलतात, पण 'घडून गेली' असं ठाम सांगितलं की कारणं जास्त सुचतात आणि ती नेमकी असतात, असं त्यात दिसलं. दुकानात याचा आणखी एक फायदा मिळतो. शंका काढणारा माणूस एरवी 'नाट लावणारा' ठरतो. इथं मालकानंच शाखा बुडवून ठेवलेली असते, म्हणून बोलणाऱ्यावर ठपका येत नाही.

मी सांगलीत दुकानांचे हिशेब आणि कर बघतो. त्यातल्याच एका दुकानाचं उदाहरण घेतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. दुकान तासगावात, गिऱ्हाईक मुख्यतः द्राक्ष बागायतदार, वर्षाचा निव्वळ नफा आठ लाखांच्या आसपास. शाखा काढायची होती कवठे महांकाळला. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून त्या भागात बागा वाढल्या, म्हणून मालकाची नजर तिकडं गेली. मुख्य रस्त्यावरचा एक मोठा गाळा बघून ठेवला होता, भाडं महिना वीस हजार. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळ छाटणीला दुकान उघडायचं, असा बेत होता.

बैठक दुकानातच, शटर खाली ओढल्यावर झाली. मालक, हिशेब बघणाऱ्या वहिनी, काउंटरवरचा जुना माणूस (शाखा तोच सांभाळणार होता), कृषी पदविका झालेला तरुण, गाडीवरचा दादा आणि कवठे महांकाळकडचा एक बागायतदार, जो बऱ्याच वर्षांचा गिऱ्हाईक. या शेवटच्या माणसाला बोलवायला मालक तयार नव्हते. "आपली आतली गोष्ट बाहेर कशाला?" असं त्यांचं म्हणणं होतं. मी आग्रह धरला, कारण बाकी सगळे तासगावचे होते. ज्या गावात शाखा काढायची तिथला माणूस खोलीत नसेल तर त्या गावची कारणं कागदावर येणारच नाहीत.

पद्धतीत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आधी लिहायचं, बोलायचं नंतर. एकानं तोंड उघडलं की बाकीचे त्याच्याच मागं जातात. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, आणि शक्यतो सगळ्यांनी एकाच रंगाच्या पेनानं, मोठ्या अक्षरात लिहायचं. आणि मालकानं स्वतःची चिठ्ठी सगळ्यात शेवटी वाचायची. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. 'नियोजन कमी पडलं' असं कुणी लिहिलं तर चिठ्ठी परत द्यायची. कोणत्या महिन्यात, कुणाच्या हातून, काय झालं, हे त्यात आलं पाहिजे.

त्या रात्री आलेल्या सगळ्या गोष्टी सांगत बसत नाही. त्यातल्या ज्यांनी बेत बदलला त्याच सांगतो.

पहिली परवान्याची. तिच्यात लिहिलं होतं: "गाळा जुलैत घेतला. भाडं सुरू झालं. परवाना मिळेना. छाटण्या सुरू झाल्या म्हणून तासगावचा माल तिकडं नेऊन विकला. तपासणी आली, विक्रीबंद आदेश मिळाला. सीझन गेला." बाहेरच्या माणसाला ही किरकोळ अडचण वाटेल. पण कीटकनाशकं, खतं आणि बियाणं या तिन्हींचे परवाने वेगवेगळे असतात आणि ते जागेला धरून मिळतात. तासगावचा परवाना कवठे महांकाळच्या गाळ्यात चालत नाही. नव्या पत्त्यावर नवे अर्ज करावे लागतात, त्यांना कीटकनाशकांसाठी माल पुरवणाऱ्या कंपन्यांची प्रिन्सिपल सर्टिफिकेटं, खतांसाठी माल कुणाकडून घेणार याचा 'ओ' फॉर्म, जागेचा करार आणि शैक्षणिक पात्रता असलेला माणूस लागतो. प्रत्येक कंपनीचा कागद वेगळा, प्रत्येकाचा पाठपुरावा वेगळा. खतविक्रीच्या पॉस मशीनची नोंदणी झाल्याशिवाय अनुदानित खताचं पोतंही विकता येत नाही.

द्राक्षात उशिराला माफी नाही. छाटणीनंतरच्या दीड महिन्यात डाऊनी, करपा, फुलकिडे यांच्यासाठी एकामागून एक फवारण्या होतात आणि वर्षाच्या औषधविक्रीचा मोठा हिस्सा तेवढ्यातच उरकतो. नोव्हेंबरच्या शेवटी उघडलेलं दुकान भाडं आणि पगार पूर्ण वर्षाचे देतं, पण त्याला सीझन निम्मासुद्धा मिळत नाही.

दुसरी गोष्ट गाडीवरच्या दादांची. चिठ्ठी बिननावाची होती, पण त्यांनी आपण होऊनच सांगितलं. "शाखा बुडाली नाही, तासगावचं दुकान बुडालं," असं त्यांनी लिहिलं होतं. शेतकरी सकाळी पान हातात घेऊन येतो, काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "मालक कुठं हायती?" त्याला औषध मालकाच्या तोंडूनच ऐकायचं असतं. ऑक्टोबरात मालक रोज कवठे महांकाळला. पान घेऊन आलेला माणूस दोनदा परत गेला आणि तिसऱ्यांदा समोरच्या दुकानात शिरला. शाखेच्या नादात मूळ दुकान पोकळ होणं, हे मी हिशेबाच्या वह्यांत पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे. शाखेचा तोटा वेगळ्या पानावर दिसतो. मूळ दुकानाची घटलेली विक्री मात्र 'यंदा पाऊसच तसा होता' या नावाखाली खपून जाते.

तिसरी वहिनींची. ती गोष्ट कमी आणि गणित जास्त होतं, म्हणून ते नीट उलगडतो.

मालकांचा अंदाज होता वर्षाला 90 लाखांची विक्री, त्यातली 60 लाखांची उधार. सरासरी सुटणारे पैसे शेकडा 12 धरले तर वर्षाला 10 लाख 80 हजार. त्यातून भाडं 2 लाख 40 हजार, दोन माणसांचे पगार 4 लाख 20 हजार, लाइटबिल-गाडी-किरकोळ 1 लाख 20 हजार. उरले तीन लाख. मालक इथंच थांबले होते. वहिनींनी पुढची ओळ लिहिली. 60 लाखांची उधारी म्हणजे खरेदीचे जवळपास 53 लाख शेतकऱ्याच्या बागेत अडकले. कंपनीला दोन महिन्यांत पैसे द्यायचे, पण द्राक्षं विकून शेतकऱ्याच्या हातात पैसे येणार फेब्रुवारी-मार्चनंतर. मधले किमान तीन महिने बँकेच्या कॅश क्रेडिटवर काढायचे. त्यांच्या खात्याला 11 टक्के दर होता, म्हणजे साधारण दीड लाख व्याज. आता उरले दीड लाख.

आणि 60 लाखांतले दीड लाख म्हणजे शेकडा अडीच रुपये. उधारीतले शंभरात अडीच रुपये बुडाले की शाखेचा वर्षाचा नफा शून्य. चौथा हिस्सा अडकला तर 15 लाख, म्हणजे तासगावच्या दुकानाची जवळपास दोन वर्षांची कमाई. आणि उधारी अडकायला शेतकरी लबाड असावा लागत नाही. द्राक्ष व्यापारी पैसे न देता गायब झाला, परतीचा पाऊस 2019 सारखा लांबला, किंवा दर नाही म्हणून बेदाणा शीतगृहात ठेवला आणि पैसे दिवाळीपर्यंत लांबले, एवढं पुरे. बेदाण्याच्या बाबतीत पैसे बुडत नाहीत, पण व्याज चालूच राहतं.

चौथी चिठ्ठी बाहेरून आलेल्या बागायतदाराची. दोनच वाक्यांची, पण सगळ्यांना गप्प करणारी. "नवीन दुकानात पहिल्या आठवड्यात उधार मागायला तेच येतात ज्यांना जुना दुकानदार दारात उभा करत नाही. तुमची पहिली यादी त्यांच्या थकबाकीदारांची असेल." तासगावातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं, कारण तासगावात ते प्रत्येकाचं घर, बाग आणि जुनं खातं ओळखतात. नव्या गावात ती ओळख नसते. तिथं कोण चांगला हे माहीत असलेला माणूस म्हणजे समोरचा जुना दुकानदार, आणि तो तुम्हाला ते सांगणार नाही. शाखेची उधारी मूळ दुकानापेक्षा जास्त बुडते, याचं मोठं कारण हे आहे. मूळ दुकानाचा बुडीत उधारीचा अनुभव शाखेला लावणं हीच बेतातली सगळ्यात मोठी चूक होती.

एका चिठ्ठीत होतं, "शाखा सांभाळणाऱ्यानं दोन वर्षांत शेजारीच स्वतःचं दुकान टाकलं, गिऱ्हाईक घेऊन गेला." तो माणूस समोरच बसला होता. अशी चिठ्ठी आली की ती लपवायची नाही आणि हसण्यावारीही न्यायची नाही. "कुणीही असता तरी हे होऊ शकलं असतं, ते अवघड कसं करायचं ते बघू," एवढं बोलून यादीत घ्यायची. मालकांनी तसंच केलं, आणि तो माणूसच नंतर म्हणाला, "पगार सोडून मला काय मिळणार हे आधी ठरू दे, मग मी कशाला जातोय?"

महापुराची चिठ्ठीही होती. सांगली जिल्ह्यात ती येणारच. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी आहे 45 फूट. ते कुणी विसरलेलं नाही. पण कवठे महांकाळ कृष्णाकाठी नाही. पुराचा फटका बसला तर तो रस्ते आणि सांगली-मिरजेकडून येणारा माल बंद पडण्याचा, तोही छाटणीच्या आधी काही दिवस. पहिल्या फवारण्यांचा माल ऑगस्ट उजाडण्याआधी गोदामात आणला की तो प्रश्न जवळपास मिटतो. जी भीती सगळ्यात मोठ्यानं बोलली जाते तीच सगळ्यात मोठी असते असं नाही. हे वेगळं करायलाच पुढची पायरी लागते.

ती पायरी म्हणजे जोखीम नोंदवही. चिठ्ठ्यांमधल्या गोष्टी इथं ओळींत येतात. प्रत्येक जोखमीला दोन आकडे द्यायचे: होण्याची शक्यता 1 ते 5 आणि झाली तर बसणारा फटका 1 ते 5. दोन्हींचा गुणाकार केला की कशाकडं आधी बघायचं ते कळतं. या दुकानात उधारीला 4 आणि 5 म्हणजे 20 मिळाले, परवान्याला 3 आणि 5 म्हणजे 15, मूळ दुकान पोकळ होण्याला 4 आणि 4 म्हणजे 16, पुराला 2 आणि 2 म्हणजे 4. हे आकडे अंदाजाचेच आहेत. 15 मोठे की 16, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. आणि एक पथ्य पाळावं: फटका 5 असेल, म्हणजे दुकानच बसवणारा असेल, तर शक्यता 1 असली तरी ती ओळ वरच ठेवायची. गुणाकार 5 आला म्हणून ती खाली ढकलणं धोक्याचं.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचा रकाना आहे तो उपायाच्या धन्याचा. उपाय लिहिणं सोपं असतं. "उधारीवर लक्ष ठेवणे" असं प्रत्येक दुकानाच्या वहीत सापडेल आणि त्यापुढं "सर्वजण" लिहिलेलं असेल. सर्वजण म्हणजे कुणीच नाही. एका उपायाला एकच माणूस, त्याला ते करायचा अधिकार आणि लागणारा पैसा, आणि एक तारीख. धनी म्हणजे ते काम स्वतः करणारा असंही नाही. ते झालं नाही तर ज्याला विचारायचं तो.

उधारीची ओळ त्यांनी अशी लिहिली:

जोखीम: नव्या गावात थकबाकीदार गिऱ्हाइकं येऊन उधारी अडकणे.
उपाय: शाखेची एकूण उधारी पहिल्या वर्षी 35 लाखांच्या वर नाही. नव्या गिऱ्हाइकाला पहिली फळ छाटणी रोखीनं किंवा आपल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांच्या शब्दावर. त्यानंतर एकरी 40 हजारांपर्यंत.
धनी: वहिनी.
तारीख: 31 ऑगस्टच्या आत बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला मर्यादा लावणे.
धोक्याची खूण: 30 नोव्हेंबरपूर्वीच उधारी 30 लाखांवर जाणे, किंवा मर्यादा वाढवून द्या म्हणून आठवड्यात तीनपेक्षा जास्त फोन.
खूण दिसली तर: त्या दिवसापासून नवीन उधार खातं बंद.

धनी वहिनी का? शाखा सांभाळणाऱ्याला विक्रीवर बक्षीस मिळणार, म्हणजे उधारी रोखणं त्याच्याच पोटावर येतं. मालकांना पाहुण्यारावळ्यांना नाही म्हणता येत नाही. वहिनींच्या हातात सॉफ्टवेअरचा पासवर्ड, आणि शाखेतल्या माणसाला गिऱ्हाइकासमोर सांगायला एक सरळ कारण: "बिलच निघत नाही बघा, तासगावला विचारायला लागतंय." त्यानं आपल्या तोंडानं नाही म्हणायची वेळच येत नाही. ज्याला उपायाचा तोटा होतो त्याला त्या उपायाचा धनी करू नये. हे एवढं पाळलं तरी निम्म्या नोंदवह्या सुधारतील.

35 लाखांच्या मर्यादेनं सगळा बेतच बदलला. उधारी कमी म्हणजे विक्रीही कमी. नवा अंदाज 68 लाखांचा झाला, म्हणजे सुटणार 8 लाख 16 हजार. वीस हजारांचं भाडं आणि बाकीचा खर्च धरला तर व्याज जाऊन पहिल्या वर्षी पन्नास हजारांचा तोटा. वहिनींनी तो आकडा मोठ्यानं वाचला आणि मालकांनी मुख्य रस्त्यावरचा गाळा सोडला. आतल्या बाजूला बारा हजारांचा लहान गाळा घेतला. आता शेवटी सत्तेचाळीस हजार उरतात. 90 लाखांच्या स्वप्नापुढं ही रक्कम काहीच नाही. पण चौथा हिस्सा उधारी अडकली तर पूर्वी 15 लाख अडकणार होते, आता पावणेनऊ. पहिल्या बेतात तासगावचं दुकानही शाखेबरोबर खाली गेलं असतं, या बेतात ते उभं राहतं. माझ्या मते पहिल्या वर्षी शाखेकडून एवढीच अपेक्षा करावी.

परवान्याचे धनी मालक स्वतः. कारण सह्या त्यांच्या, कंपन्यांशी ओळखी त्यांच्या आणि कृषी कार्यालयात उभं राहायचं तेही त्यांनीच. पदविकेवाला तरुण कागद गोळा करेल, पण त्याला धनी केलं असतं तर कंपनीनं सर्टिफिकेट अडवल्यावर तो काय करणार होता? उपायात दोन गोष्टी होत्या. गाळ्याच्या करारात भाडं परवाना मिळाल्याच्या महिन्यापासून सुरू, हे कलम. आणि 15 ऑगस्टपर्यंत तिन्ही परवाने हातात नसतील तर उद्घाटन थेट एप्रिलच्या खरड छाटणीला. ही दुसरी ओळ लिहायला फार जड जाते. पत्रिका छापल्यावर ती लिहून होत नाही, म्हणून आधीच लिहायची.

मूळ दुकानाच्या ओळीचं धनीपण गाडीवरच्या दादांकडं गेलं. तासगावच्या मोठ्या पंचवीस गिऱ्हाइकांची यादी त्यांच्याकडं दिली. ते रोज त्या गावांतून फिरतात, कुणाची छाटणी कधी झाली ते त्यांना दुकानापेक्षा आधी कळतं. छाटणी होऊन दहा दिवस झाले आणि यादीतल्या माणसानं काही नेलं नाही, की दादांनी मालकांना त्याच दिवशी सांगायचं आणि मालकांनी त्या बागेत जायचं. शिवाय मालक कवठे महांकाळला फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. इतर दिवशी बोलावणं आलं तरी ते जाणार नाहीत, आणि गेलेच तर दादांनी वहिनींना कळवायचं. नोकरानं मालकावर लक्ष ठेवायचं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मालकांनी ते सगळ्यांसमोर मान्य केलं, म्हणून चाललं.

माणूस फुटण्याच्या जोखमीवर पहिला उपाय सुचला तो स्टॅम्प पेपरचा: 'नोकरी सोडल्यावर तीन वर्षं या धंद्यात येणार नाही' असं लिहून घ्यायचं. त्याचा उपयोग नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 नुसार नोकरी सुटल्यावर धंदा करायला बंदी घालणारा करार न्यायालयात टिकत नाही. असे उपाय नोंदवहीत भरले की मनाला बरं वाटतं आणि जोखीम आहे तिथंच राहते. त्याऐवजी तीन गोष्टी ठरल्या. शाखेचा मोबाइल नंबर दुकानाच्या नावावर. सगळी खाती तासगावच्या सॉफ्टवेअरमध्ये. आणि शाखा सांभाळणाऱ्याला विक्रीऐवजी वसूल झालेल्या रकमेवर वाटा. शेवटच्या गोष्टीमुळं उधारीच्या ओळीलाही बळ मिळालं, कारण आता वसुली त्याचीही झाली. धनी मालक, तारीख उद्घाटनाच्या आधी.

सल्ल्याची एक ओळ तरुणाकडं गेली. काढणी जवळ आलेल्या बागेत चुकीचं औषध गेलं तर अवशेषांमुळं निर्यातीचा माल नाकारला जातो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांवरून भारतीय द्राक्षं युरोपात अडकली, ते इथल्या बागायतदारांच्या अजून लक्षात आहे. म्हणून निर्यातीच्या बागेचं बिल करताना छाटणीची तारीख विचारायची, काढणीला किती दिवस शिल्लक आहेत ते बघायचं आणि बिलावर लिहायचं, असा नियम झाला. तो तरुण शाखेत राहणार असल्यानं धनी तोच.

काही जोखमींना उपाय नसतो. अवकाळी पाऊस कोण थांबवणार? अशा ओळीपुढं 'स्वीकारली' असं स्पष्ट लिहायचं आणि फटका किती मोठा होऊ द्यायचा तेवढं ठरवायचं. इथं ते 35 लाखांच्या मर्यादेनं आधीच झालं होतं.

नोंदवही लिहून झाली की तिचं खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक वह्या इथंच मरतात. वही मेली आहे हे ओळखायला वेळ लागत नाही. सगळ्या ओळींपुढं 'चालू आहे' असतं, तारखा उलटलेल्या असतात आणि महिनाभरात एकही नवी ओळ आलेली नसते. जिवंत वहीत खाडाखोड असते. सीझनमध्ये दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी पंधरा मिनिटं पुरतात. प्रत्येक धन्यानं फक्त एवढंच सांगायचं: खूण दिसली का, आणि दिसली असेल तर काय केलं. दहा-बारा ओळींपेक्षा मोठी वही कुणी वाचत नाही, म्हणून किरकोळ गोष्टी काढून टाकायला मागंपुढं बघू नये.

शेवटची ओळ मी स्वतः लिहायला लावतो, कारण ती कुणी आपण होऊन लिहीत नाही: शाखा कधी बंद करायची. या दुकानात ठरलं ते असं. 31 मार्चपर्यंत उधारीतली 60 टक्के वसुली आली नाही तर एप्रिलच्या छाटणीला नव्यानं उधार एक रुपयाही नाही. बेदाणा शीतगृहात ठेवलेल्यांची रक्कम पावती दाखवली तर वेगळी मोजायची. ती सोडून 31 मेपर्यंत वसुली 85 टक्क्यांच्या खाली असेल तर जून महिन्यात जागामालकाला दोन महिन्यांची नोटीस द्यायची, म्हणजे पुढच्या फळ छाटणीच्या आधी हात मोकळे. या ओळीचा धनी मालक नको, कारण स्वतः काढलेली शाखा बंद करायला त्यांचं मन धजणार नाही. वहिनीही नकोत, घरात भांडण लागेल. म्हणून तिथं माझं नाव आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला वसुलीचा आकडा माझ्याकडं येतो, आणि 31 मेचा आकडा आल्यावर फोन मी करायचा, हे मालकांच्या सहीनिशी वहीत लिहिलेलं आहे.